“एक साईज मोठं घ्या” असं लिहिणाऱ्या वाचकाला उत्तर

हेल्मेटच्या दाबानं कपाळ का दुखतं यावरच्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया:

“लेख वाचला. एवढं पाल्हाळ कशाला? हेल्मेटनं कपाळ दुखत असेल तर सरळ एक साईज मोठं घ्यायचं, विषय संपला. मी तेच केलं, पहिल्या दिवसापासून दुखणं बंद. कडेला आधी फट होती तरी कपाळ ठणकायचं, आता काही नाही. नसबीस सांगून लोकांना घाबरवायचे धंदे आहेत हे. डोकं दुखतं ते पाणी कमी प्यायल्यानं. आणि पोहायचा गॉगल घट्टच लागतो, नाहीतर पाणी शिरतं. दुकानदारांनी डॉक्टरकी करू नये.”

माझं उत्तर:

आधी तुमच्या सुराबद्दल, कारण तो मला लागला. मतभेद असतील तर जरूर लिहा, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण ‘धंदे’ हा शब्द कशाच्या आधारावर वापरलात? त्या लेखात मी एकाही कंपनीचं नाव घेतलं नव्हतं, अमुक हेल्मेट घ्या असंही कुठे म्हटलं नव्हतं. डॉक्टरकीचं म्हणाल तर एकही गोळी, एकही मलम सुचवलं नव्हतं. बावीस वर्षं लोकांच्या डोक्याचं माप घेऊन हेल्मेट बसवून देतोय. हेल्मेट कुठे रुततं आणि का, हे सांगायला तेवढा अनुभव पुरेसा आहे असं मला वाटतं. ज्याला तो पुरेसा वाटत नाही त्यानं मुद्दा खोडावा, माणसाला हिणवू नये.

एक गोष्ट मान्य करतो. लेख लांबला होता, आणि माप कसं घ्यायचं ही सगळ्यात कामाची गोष्ट मी पार शेवटी टाकली होती. ती वर यायला हवी होती. चूक माझी.

आता तुमचं ‘सरळ एक साईज मोठं घ्यायचं’ हे वाक्य. बाकीचं सोडून मी त्यावरच सविस्तर लिहिणार आहे, कारण ते वाचून उद्या कुणीतरी खरंच सैल हेल्मेट घालून रस्त्यावर उतरेल.

हेल्मेटची साईज म्हणजे डोक्याचा घेर. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटरवरून टेप आडवी धरायची, कानांच्या वरून मागे नेऊन डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग घ्यायचा आणि परत पुढे आणायची. टेप मागे घसरून मानेकडे उतरली तर माप चुकतं, म्हणून दोनतीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा धरायचा. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. पण टेप फक्त घेर सांगते, आकार सांगत नाही. समजा दोन माणसांचा घेर 58 सेंमीच आहे. एकाचं डोकं कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंत साधारण 20.5 सेंमी लांब आणि कानांच्या वर 15 सेंमी रुंद. दुसऱ्याचं 19.2 लांब आणि 16.3 रुंद. दोघांनाही चिठ्ठीवरची साईज एकच मिळणार, पण एकाचं डोकं लांबट आणि दुसऱ्याचं गोलसर. गोलसर पोकळीच्या हेल्मेटात लांबट डोकं घातलं की कपाळ आणि मागची बाजू दाबली जाते, आणि कानांच्या वर, कानशिलांजवळ बोट सहज जातं. उलट, लांबट पोकळीत गोल डोकं घातलं की कानशिलं दाबली जातात आणि कपाळापुढे जागा उरते.

तुम्हीच लिहिलंय की कपाळ ठणकत असताना कडेला फट होती. म्हणजे घेर बहुधा बरोबर होता, आकार चुकला होता.

मग एक साईज मोठं घेतल्यावर काय झालं ते बघा. साईज बदलली की घेर साधारण 2 सेंमीनं वाढतो. घेराचे 2 सेंमी म्हणजे लांबीत जेमतेम 6 मिलिमीटर. कपाळापुढचा दाब कमी व्हायला तेवढे पुरले, म्हणून पहिल्या दिवसापासून बरं वाटलं. पण तेच 6 मिलिमीटर रुंदीतही वाढले, आणि तिथे तर आधीच फट होती. आता दोन्ही बाजूंना आणखी तीन तीन मिलिमीटर मोकळे झाले. डोक्याला धरून ठेवणारी पकड तेवढी गेली. अशा हेल्मेटात वेगानं जाताना वारा ते वर उचलतो, खड्ड्यात गाडी आदळली की ते डोळ्यांवर उतरतं, आणि पडलात तर ते डोक्यावर फिरू किंवा निघू शकतं. मग माणूस हनुवटीचा पट्टा करकचून आवळतो. त्यानं पकड येत नाहीच, गळ्याला आणि जबड्याला मात्र काच पडतो.

तुमच्या हेल्मेटाची परीक्षा दोन मिनिटांत होते. पट्टा नेहमीसारखा लावा, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी हेल्मेटाबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून घसरत गेलं तर ते सैल आहे. मग दुसऱ्या माणसाला मागून खालच्या कडेला बोटं घालून वर आणि पुढे ढकलायला सांगा. पट्टा लावलेला असूनही डोक्यावरून निघू लागलं तर ते घालू नका. दुखत नाही एवढ्यावरून हेल्मेट बरोबर बसलंय असं ठरत नाही.

आता कपाळ दुखण्यावर खरा इलाज. भिंतीला डोक्याची मागची बाजू टेकवून उभे राहा, कपाळावर एक पुस्तक भिंतीला समांतर धरा आणि पुस्तक ते भिंत हे अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. ही लांबी. मग दोन पुस्तकं कानांच्या वर दोन्ही बाजूंना उभी धरून मधलं अंतर मोजा. ही रुंदी. हे दोन आकडे घेऊन लांबट आतल्या आकाराचं मॉडेल शोधा, साईज तीच ठेवा. तुमच्या मोठ्या साईजमध्येही एक वाट आहे, ती नाकारत नाही: त्याच मॉडेलसाठी बनवलेले जाड बाजूचे पॅड मिळत असतील तर ते लावून कडेची फट भरता येते. पण वरच्या दोन्ही परीक्षा पार पडल्या तरच. नुसतं मोठं हेल्मेट हा इलाज नाही.

आणि एक काम कधीच करू नका. आतला थर्माकोल दाबून, तासून किंवा चमच्यानं खोलगट करून कपाळाला जागा काढणारे लोक मी बघतो. गादी वापरून थोडी बसते, गालाचे पॅड तर सुरुवातीला गाल वर ढकलण्याइतके घट्ट असणं चांगलंच, कारण काही आठवड्यांत ते सैलावतात. थर्माकोल मात्र धक्का झेलण्यासाठी असतो. एकदा दाबलेली जागा परत उभी राहत नाही, आणि पडल्यावर नेमका तिथेच धक्का आला तर तो कपाळाच्या हाडावर जातो.

नवीन हेल्मेट घेताना ते डोक्यावर वीस ते तीस मिनिटं ठेवा, दुकानात लाज वाटली तरी. पहिल्या मिनिटात सगळीच हेल्मेटं ठीक वाटतात. काढल्यावर लगेच कपाळाचा फोटो घ्या. सगळ्या कपाळभर फिकट, सारखा पट्टा उमटला असेल तर दाब वाटला जातोय. नाण्याएवढा गडद लाल ठिपका, आणि दुखणंही नेमकं तिथेच, असं असेल तर ती जागा वापरून सुधारणार नाही. दुसरं मॉडेल बघा.

‘नसबीस’बद्दल थोडक्यात. नाकाच्या मुळापासून भुवईच्या हाडाच्या कडेनं बोट बाहेर सरकवा. मधल्या रेषेपासून साधारण अडीच सेंमीवर बऱ्याच जणांना एक बारीक खाच लागते. कपाळाची संवेदना नेणारी नस तिथून बाहेर पडून वर चढते. हेल्मेटाची गादी, हेडबँड किंवा गॉगलची कड तिच्यावर बराच वेळ दाबून राहिली की कातडीखालच्या या नसा सतत चेतत राहतात आणि डोकं दुखू लागतं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या 2018 च्या तिसऱ्या आवृत्तीत या दुखण्याला 4.6.1 असा स्वतंत्र क्रमांक आहे. त्याची ओळखही तिथे दिली आहे: दाब सुरू झाल्यापासून तासाभरात दुखायला लागतं, दाबाच्या जागी सगळ्यात जास्त दुखतं, आणि दाब काढल्यावर तासाभरात थांबतं. हे घाबरवणं असेल तर मग माझ्याकडे उत्तर नाही.

पाण्याचं म्हणाल तर पाणी कमी पडून डोकं दुखतं, कुणी नाही म्हणत नाही. पण त्या दुखण्याला हेल्मेट काढल्यानं फरक पडत नाही. तुमचं दुखणं साईज बदलल्याच्या दिवशीच गेलं, म्हणजे त्याचं कारण तुम्हीच सिद्ध केलंत.

गॉगलवर वाद घालत बसत नाही, एवढंच करून बघा. पट्टा न लावता दोन्ही भिंगं डोळ्यांच्या खोबणीवर हलकेच दाबा आणि हात सोडा. दोनएक सेकंद ते चिकटून राहिले तर रबराची कड चेहऱ्याला बसते, आणि पट्ट्याचं काम फक्त गॉगल जागेवर ठेवण्याचं उरतं. लगेच गळून पडले तर कितीही आवळा, पाणी शिरणार आणि भुवईही दुखणार. तेव्हा नाकावरचा जोड बदला, किंवा कड कडक झाली असेल तर गॉगलच बदला.

अर्धशिशी असणाऱ्यांनी मात्र तासाभराच्या मापावर विसंबू नये. जास्त वेळ दाब राहिला तर त्यांना अर्धशिशीचा झटकाच सुरू होऊ शकतो, आणि मग हेल्मेट काढूनही तो चालूच राहतो. त्यांनी दुखायला लागताच थांबून हेल्मेट काढावं. कुणालाही अचानक जबर डोकं दुखलं, नजर धूसर झाली, हातपाय लुळे वाटले किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखणं सुरू झालं तर त्याचं खापर हेल्मेटावर फोडू नका, लगेच डॉक्टरकडे जा.

तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या शब्दांना मी उत्तर देणार नाही. कातडी सरकवण्याची आणि मागून ढकलण्याची परीक्षा आज करा, आणि हेल्मेट निघालं तर ते घालून गाडी काढू नका. लांबी आणि रुंदीचे दोन आकडे इथे खाली लिहिलेत, तर तुमच्या आकाराला काय बघायचं ते मी सांगेन.