दीपप्रज्वलन करताना मान्यवर

वार्षिक अहवाल वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चाळणारे पुष्कळ पाहिलेत. सर्वसाधारण सभेच्या दारातच प्रत हातात पडते. माणूस खुर्चीत बसतो, आधी आपला फोटो आलाय का बघतो, मग शेजाऱ्याचा आलाय का बघतो आणि नंतर नाश्ता येईपर्यंत त्याच अहवालाने वारा घेतो. या चाळण्यात त्याच्या नजरेखालून दोनच गोष्टी जातात: फोटोखालच्या ओळी आणि रंगीत चौकटीतली ठळक वाक्यं. ताळेबंद त्याच्या वतीने लेखापरीक्षकांनी बघितलेला असतो.

आमच्या पतसंस्थेने ह्याच ओळी माझ्या गळ्यात मारल्या. "सर, तुम्ही पेपरात होता. जरा शुद्धलेखन बघा, दोन तासाचं काम आहे," असं मॅनेजर म्हणाले. ऑगस्ट संपत आलेला. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, त्याआधी नोटिशीबरोबर अहवाल जायचा, आणि डीटीपीवाल्या पोराने अठ्ठेचाळीस पानांचं प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलेलं.

त्यात एकतीस फोटो होते. नऊ फोटोंखाली "दीपप्रज्वलन करताना मान्यवर". दीप दिसत होता, मान्यवर दिसत होते, एका फोटोत काडेपेटी धरलेला शिपाईसुद्धा दिसत होता. शेजारच्या मजकुरात "कार्यक्रमाची सुरुवात मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलनाने झाली" असं होतंच. म्हणजे एकच वात तीनदा पेटत होती.

पेपरात असताना आमच्या जुन्या उपसंपादकांची एक पद्धत होती. ते फोटोवर तळहात ठेवून ओळ वाचायचे, मग ओळीवर तळहात ठेवून फोटो बघायचे. ओळीत डोळ्याला दिसतं तेवढंच असेल तर ती खोडायचे. बातमीत आलंय तेवढंच असेल तरी खोडायचे. उरेल ते छापायचं, आणि काहीच उरलं नाही तर बातमीदाराला फोन लावायचा. मी एकतीस फोटोंवर हात ठेवला. उरल्या दोन ओळी, त्यातली एक फोटोग्राफरच्या दुकानाची जाहिरात निघाली.

म्हणून फोन सुरू केले. सगळे सांगत बसत नाही, एकच सांगतो.

नव्या शाखेच्या उद्घाटनाचा फोटो. मजकुरात तारीख, गाव, फीत कापणाऱ्या पाहुण्यांचं नाव, सगळं आलेलं. खाली ओळ: "नवीन शाखेचे उद्घाटन करताना मान्यवर." पण फोटोच्या उजव्या कडेला नऊवारीतल्या एक आजी उभ्या होत्या, काखेत स्टीलचा डबा. बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, त्या एकट्या आत काउंटरकडे. मॅनेजरांना विचारलं, ह्या कोण?

"त्या होय! आपल्या शाखेच्या पहिल्या खातेदार. आधी बिचाऱ्या भरण्याला चौदा किलोमीटर एसटीने मुख्य शाखेत यायच्या."

मी खूश. शाखा कशासाठी उघडली हे तीन पानांच्या मनोगतात कुठे नव्हतं, ते ह्या एका वाक्यात होतं. ओळ लिहिली. पण जित्याची खोड, आजींनाही फोन लावला. त्या म्हणाल्या, "चौदा कुठलं, अकरा. आन् पयलं खातं माझं न्हाई, अध्यक्षाच्या मेव्हण्याचं. ते आदल्या रातीच उघडलं. डब्यात पैसं नव्हतं हो, पेढं होतं. मॅनेजरनंच आणायला सांगितल्यालं."

मॅनेजरांना हे कळवलं तर म्हणाले, "सर, तीन किलोमीटरनं काय होतंय?" होतं असं की गावातला प्रत्येक माणूस त्याच एसटीने जातो आणि तिकीट त्याला पाठ असतं. एक आकडा चुकला की तो ताळेबंदाकडेही त्याच नजरेने बघू लागतो. शेवटी ओळ ठरली ती अशी: "पहिल्याच दिवशी खाते उघडायला आलेल्या सभासद (उजवीकडे, डबा घेतलेल्या). आजवर भरण्यासाठी त्यांना एसटीने अकरा किलोमीटर यावे लागे." वर आजींचं नाव. पेढ्यांचा उल्लेख गाळला.

अध्यक्षांनी प्रूफ बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आमचं नाव कुठं गेलं?" साहेब, तुमचं नाव मजकुरात आहे, मुखपृष्ठावर आहे, आणखी अकरा फोटोंखाली आहे, आणि तुम्हाला ओळखत नाही असा सभासद तालुक्यात नाही. हे मी म्हणालो नाही. "डावीकडून दुसरे" एवढं घालून दिलं.

चौकटींचं दुखणं वेगळं. मनोगताच्या मधोमध निळ्या चौकटीत, दुप्पट टायपात: "सभासदांचा विश्वास हीच आमची खरी ठेव." आणि चौकटीला खेटून डावीकडे, मजकुरात, तेच वाक्य. दोन बोटांच्या अंतरावर. पोराला विचारलं, हे दोनदा का? तो प्रामाणिक निघाला. "सर, पान भरत नव्हतं." म्हणजे अध्यक्षांचे विचार ठळक व्हायचं कारण विचारांत नव्हतं, उरलेल्या जागेत होतं.

चौकटीत कोणाचं तरी बोलणंच हवं, पण त्याने मजकुरातल्या आकड्याचं कारण सांगावं, एवढा माझा हट्ट. आकडा हाताशी होता: थकबाकी 6.2 टक्क्यांवरून 3.8 वर आली. कशी आली, ह्यावर अहवाल गप्प. वसुली अधिकाऱ्यांना चहाला बोलावलं. ते म्हणाले, "काय न्हाई सर, हप्त्याची तारीख ऊसबिलाच्या पुढं ढकलली. आधी आम्ही बिलाच्या आधी जायचो, मग नुसता चहा मिळायचा. आता चहाबरोबर हप्ता मिळतो. थकबाकी निम्मी झाली बघा."

ह्याला म्हणतात चौकट! फक्त 'निम्मी' बोचत होतं. 6.2 ची निम्मी 3.1 होते, 3.8 नाही, आणि ताळेबंद चार पानांवर उभा. बोललेलं वाक्य आपल्या सोयीने सुधारायचं नसतं, त्याच माणसाला पुन्हा विचारायचं. विचारलं. "अहो, माझ्या रूटवरची निम्मी म्हणालो मी. संस्थेची मला काय माहीत?" मग "माझ्या रूटवर" हे शब्द त्यांच्याच तोंडून आत आले, वाक्य त्यांना वाचून दाखवलं, आणि चौकट मनोगतातून उचलून वसुलीच्या पानावर नेली. चहा ठेवला. अध्यक्षांची खरी ठेव मजकुरात होती तिथेच सुरक्षित राहिली.

दोन तासांचं काम नवव्या दिवशी संपलं. प्रूफ पास करून मी सही ठोकली.

त्या रात्री संचालकांपैकी कोणाला तरी वाटलं की अध्यक्षांचा नव्या गाडीपुढचा फोटो शाखेच्या पानावर हवा. पोराने फोटो बदलला. फोटो आणि ओळ त्याने एकत्र बांधलेले नव्हते, त्यामुळे फोटो हलला आणि ओळ जागेवरच राहिली. आजी गेल्या मागच्या पानावर, "मार्गदर्शन करताना मान्यवर" ह्या, मला वाटलं खोडलेल्या, ओळीवर. आणि चकचकीत गाडीला टेकून उभ्या अध्यक्षांच्या खाली छापून आलं: आजवर भरण्यासाठी त्यांना एसटीने अकरा किलोमीटर यावे लागे.

सभेत मी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरली. अहवालवाचन झालं, ताळेबंद मंजूर झाला. मग एक म्हातारे सभासद अहवाल हातात घेऊन उठले. "एवढा मोठा माणूस, दारात गाडी असून भरण्याला एसटीने येतो. बाकीच्या संचालकांनी जरा शिकावं." टाळ्या पडल्या.

निघताना अध्यक्षांनी मला गाठलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, ओळी झकास. पुढच्या वर्षी किलोमीटर जरा वाढवा."