पावणेदोन तासांची पंचेचाळीस मिनिटं होतात तेव्हा

तो गेला त्याला २ वर्षं आणि २ महिने झाले. मी भारतात, तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. हे लिहू की नको यात बरेच दिवस गेले. शेवटी लिहायला बसले, कारण लांब राहणाऱ्या जोडप्यांना जो तो एकच सल्ला देतो, "बोलत राहा". आम्ही बोलतच होतो. रोज बोलत होतो. आणि तरी काहीतरी हातातून निसटत होतं.

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. मी सकाळी आवरत होते आणि फोन आरशापाशी टेकवून ठेवला होता. एरवी त्या वेळी आम्ही नुसतं कानाला लावून बोलायचो, त्या दिवशी कसा कोण जाणे व्हिडिओ सुरू केला. केस विंचरता विंचरता स्क्रीनकडे लक्ष गेलं. त्याचा चष्मा वेगळा होता. आधीचा काळा, जाड काड्यांचा होता, हा बारीक सोनेरी कडेचा.

"चष्मा कधी बदललास?"

"अगं, झाले की दोन आठवडे."

एवढंच. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, लपवाछपवी नाही, अपराधीपणा नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. मी "छान दिसतोय" म्हटलं, कॉल संपवला आणि ऑफिसला जाताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. ज्या माणसाचा चेहरा मला पाठ आहे असं मी समजत होते, तो चेहरा दोन आठवडे बदललेला होता आणि मला पत्ता नव्हता.

दोन दिवस मी मनातल्या मनात त्याच्यावर खटला चालवला. मग आठवलं, माझी मान दुखते म्हणून मी महिनाभर फिजिओथेरपीला जात होते आणि ते त्याला सांगितलं नव्हतं. उगाच तिकडे बसून काळजी करेल, आणि मिळतो तेवढा वेळ दुखण्यावर कशाला घालवायचा, असा माझा हिशेब होता. म्हणजे दोघंही तेच करत होतो. थोडा वेळ मिळतो म्हणून त्यात बसेल तेवढंच सांगायचं. मोठ्या बातम्या बसायच्या. चष्मा, मान, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा त्रास, रात्री तीनला विनाकारण आलेली जाग, हे सगळं बाहेर राहायचं. एका घरात राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, दिसतं. आमच्याकडे जे सांगितलं नाही ते घडलंच नाही असं होत होतं.

मला वाटतं, अंतर नातं संपवतं ते असं. भांडणाने नाही. भांडण झालं तर निदान कळतं तरी.

वेळेचा हिशेब मी या महिन्यात पहिल्यांदा नीट मांडला, कागद-पेन घेऊन. आधीच मांडायला हवा होता. मी सकाळी साडेसहाला उठते, रात्री अकराला झोपते. तो सातला उठतो, अकराला झोपतो. उन्हाळ्यात आमच्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. दोघंही जागे असतो असा वेळ कागदावर रोज साडेआठ तास निघतो. हा आकडा बघून मला धक्काच बसला, कारण प्रत्यक्षात इतका वेळ कधी जाणवलाच नाही. मग त्यातून एकेक गोष्ट वजा करत गेले. माझं ऑफिस संध्याकाळी साडेसहापर्यंत. त्याचं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, त्यावर एक कोर्स, म्हणजे रात्री नऊला मोकळा. मी सव्वाआठला घर सोडते. उरलं काय? माझी सकाळ साडेसहा ते सव्वाआठ. त्याची रात्र नऊ ते पावणेअकरा. पावणेदोन तास. त्यातही मी अर्धवट झोपेत आणि तो दिवसभराने पिळून निघालेला. माझा दिवस अजून घडलेला नसायचा, त्याला त्याच्या दिवसाबद्दल आणखी एक शब्द बोलायचा नसायचा.

तरीही पावणेदोन तास म्हणजे वेळ आहे. त्यात चालून जायचं.

पण त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात, ती मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तशीच राहतात. फरक साडेदहा तासांचा होतो. तो नऊला मोकळा होतो तेव्हा माझ्याकडे साडेसात वाजलेले असतात. सव्वाआठला मी बाहेर. पावणेदोन तासांची पंचेचाळीस मिनिटं झाली, आणि तीही नेमकी माझी आंघोळ, डबा, इस्त्री यांतली. एक तास सरकला आणि निम्म्याहून जास्त वेळ गेला. आणि आम्ही दोघांनी काय केलं, तर त्याचा अर्थ एकमेकांमध्ये शोधला. त्याला वाटलं, मी हल्ली घाईत असते, लक्ष नसतं. मला वाटलं, तो हल्ली उशिरा फोन करतो. मागचे मेसेज चाळले तेव्हा दिसलं की दोन्ही वर्षांतली आमची वाईट भांडणं नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यांत आहेत. चष्मा डिसेंबरमधला. एकमेकांना "तू बदलला आहेस", "तू बदलली आहेस" म्हणत होतो तेव्हा बदललं होतं ते घड्याळ.

हे समजल्यावर सगळं सुटलं असं म्हणायला मला आवडलं असतं. सगळं घड्याळामुळे नव्हतं. पण कशाचा दोष कशाला द्यायचा हे कळलं, आणि त्याने माझं डोकं बरंच शांत झालं.

आता दुसरी गोष्ट, जी बोलायला जास्त अवघड आहे. कधीकधी त्याचा मेसेज यायचा, "आज जमणार नाही, खूप दमलोय", आणि मला हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याची मला प्रचंड भीती बसली होती. प्रेम संपलं की असंच वाटत असणार, असं मी धरून चालले होते. मग मी स्वतःवर बारीक नजर ठेवायला लागले. कॉल रद्द झाला की मी परत झोपायचे. दुपारपर्यंत त्याची आठवण यायची, काहीतरी दाखवावंसं वाटायचं. म्हणजे मला सुटका हवी होती ती साडेसहाच्या गजरापासून, त्याच्यापासून नाही. हा थकवा आहे. झोप मिळाली की उतरतो.

पण एकदा तसं झालं नाही. मे महिन्यात ऑफिसमध्ये माझी टीम बदलली. मी पाच दिवस त्याला सांगितलं नाही. विसरले नव्हते, वेळही होता. सांगायची ओढच नव्हती. झोपून उठल्यावरही नव्हती. तो प्रकार वेगळा होता आणि तो मला त्याच क्षणी कळला, पोटात खड्डा पडल्यासारखा. तुम्ही अशा नात्यात असाल तर कॉल किती झाले हे मोजत बसू नका. बातमी मिळाल्यावर सगळ्यात आधी कोणाला सांगावंसं वाटलं, ते बघा.

मेमध्ये तसं का झालं असावं, याचंही उत्तर माझ्याकडे आहे. फेब्रुवारीत त्याने सांगितलं होतं की काम अजून एक वर्ष वाढतंय. फोनवर, माझी बस यायला चार मिनिटं असताना. मी "ठीक आहे" म्हटलं. ठीक नव्हतं. पण चार मिनिटांत दुसरं काय म्हणणार? कॅथरिन मग्वायर या संशोधिकेचा २००७ मधला एक अभ्यास नंतर माझ्या वाचनात आला. आपण पुढे एका गावात राहणार याची ज्यांना खात्री होती, ते लोक जास्त समाधानी होते, आणि ज्यांना ती खात्री नव्हती त्यांना जास्त त्रास होत होता. वाचून मला नवीन काही कळलं नाही, पण माझ्या त्रासाला नाव मिळालं. मी अंतराला कंटाळले नव्हते. शेवट दिसत नसलेल्या अंतराला कंटाळले होते. पहिल्या वर्षी हेच साडेनऊ तास मी हसत काढले, कारण समोर तारीख होती.

आणि एकत्र आलो की सगळं आपोआप ठीक होईल, हेही आता मला पटत नाही. लॉरा स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा जोडप्यांचा अभ्यास केला होता जी लांब राहून मग एका ठिकाणी आली. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश जोड्या तीन महिन्यांत तुटल्या. आधी मला हे अन्यायाचं वाटलं. मग वाटलं, बरोबरच आहे. पंचेचाळीस मिनिटांत कोण भांडणार? आम्ही एकमेकांना फोनवर दोन वर्षं आपली चांगली बाजूच दाखवत आलोय. वेळ थोडा म्हणून रुसणं पुढे ढकललं, त्रास पुढे ढकलला, आणि ढकललेलं सगळं कुठेतरी साठून वाट बघत बसणार.

म्हणून गेल्या शनिवारी मी त्याला तो कागद दाखवला. फोटो काढून पाठवला आणि मग बोललो, तीन तास. फेब्रुवारीतलं "ठीक आहे" मी परत घेतलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू तेव्हा काही म्हणाली नाहीस, मला वाटलं तुला फरक पडत नाही." आठ महिने आम्ही दोघं त्या चार मिनिटांवर जगत होतो.

कागदावर त्यालाच एक गोष्ट दिसली, जी मला दिसली नव्हती. घड्याळं मागे गेली की सकाळचा तास जातो खरा, पण तोच तास संध्याकाळी उगवतो. मी साडेसहाला सुटते तेव्हा हिवाळ्यात त्याच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि त्याचं ऑफिस नऊला असतं. उन्हाळ्यात त्या वेळी तो कामावर पोचलेला असतो, त्यामुळे आम्हाला संध्याकाळची सवयच नव्हती. दोन हिवाळे आम्ही त्या पंचेचाळीस मिनिटांवर भांडलो आणि हा तास रिकामा पडून होता. शिवाय तेव्हा माझा दिवस घडून गेलेला असतो आणि तो ताजा असतो. आठवड्यातले तीन दिवस हाच वेळ ठेवायचा असं ठरलंय. बाकीच्या दिवशी कॉल नाही, पण दिवसातून एकदा तरी व्हॉइस नोट, क्षुल्लक गोष्टीची, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

तारखेचं अजून ठरलेलं नाही. मार्चच्या आत तो इकडे यायचं बघणार की मी तिकडे जायचं, यावर आमचं खरोखरच एकमत नाही, आणि होईलच असं मी आज म्हणू शकत नाही. एवढंच झालंय की मतभेद आता उघड्यावर आहे.

घड्याळं मागे जायला १२ दिवस आहेत. काल दुपारी त्याची ९ सेकंदांची व्हॉइस नोट आली. त्याच्याकडे रात्रीचे चार वाजले होते, जाग आली होती बहुतेक. चष्म्याची डावी काडी सैल झालीये, झोपेत अंगाखाली आली, असं म्हणत होता. मी ती चार वेळा ऐकली.