भंगारात गेलेल्या टीव्हीचा हिशेब

फिरत असलेला दावा: “जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला दिला की विषय संपला. तो तांबं-लोखंड काढून घेतो, वाया काहीच जात नाही. कंपनीची जबाबदारी वगैरे सगळं कागदावरच.”

निपाणी किंवा खानापूरच्या भंगार दुकानात आलेला 21 इंची रंगीत टीव्ही धरा. वजन साधारण 22 किलो, त्यातली 12-13 किलो नुसती काच. तांबं जेमतेम किलोभर, तेही मुख्यतः पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलमध्ये. पुढच्या जाड काचेत शिसं जवळजवळ नसतं. मागच्या नरसाळ्यासारख्या भागात मात्र 20-22 टक्के शिशाचा ऑक्साइड असतो आणि मानेत त्याहून जास्त. नरसाळं साडेचार किलोचं धरलं, तरी शिसं भरतं सुमारे 900 ग्रॅम. म्हणजे जेवढं तांबं काढून नेलं, जवळपास तेवढंच शिसं मागे उरलं, आणि त्या काचेला बाजारात गिऱ्हाईक नाही.

कॉइल पटकन निघावी म्हणून मान हातोडीने तोडतात. आत निर्वात असल्याने हवा एकदम आत घुसते, काचा उडतात आणि पडद्यामागची पावडर मोकळी होते. जुन्या ट्यूबच्या पावडरीत कॅडमियमही असतं. मान तुटलेल्या ट्यूब ओढ्याकाठी पडलेल्या दिसल्या, तर तांबं गेलं आणि काच तिथंच टाकली असं समजावं. तुकडे लहान होतील तसं पावसाच्या, त्यातही आम्लधर्मी पाण्यात शिसं जास्त सुटतं.

तांब्यासाठी वायर जाळतात, तो धूर साध्या प्लास्टिकचा नव्हे. पीव्हीसीमधलं क्लोरीन तांब्याच्या सान्निध्यात डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार करतं. शिवाय जळून काळ्या पडलेल्या तांब्याला सोललेल्या तांब्यापेक्षा भाव कमी मिळतो, म्हणजे जाळणाऱ्याचाही तोटाच.

जबाबदारीचं म्हणाल, तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं घेऊन आपलं रिसायकलिंगचं लक्ष्य भरावं लागतं. 2025-26 साठी ते 70 टक्के आहे. टीव्ही कोल्हापुरात घेतला आणि बेळगावात टाकला, तरी फरक पडत नाही, नियम देशभर एकच आहे. पण एक खरी उणीव आहे: ही प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चारच धातूंवर मिळतात. शिशाच्या काचेवर काहीच मिळत नाही. म्हणून ती नीट हाताळण्याचा खर्च रिसायकलरच्या अंगावर पडतो, आणि काच टाळून उरलेला टीव्ही घेण्याचा मोह तिथूनच सुरू होतो.

तेव्हा टीव्ही न उघडता, ट्यूबसकट द्या. घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक पोर्टलवर तपासा आणि काच कुठे जाते ते विचारा. नीट काम करणारा गरम तारेने किंवा हिऱ्याच्या करवतीने पुढची-मागची काच वेगळी करतो, पावडर व्हॅक्यूमने ओढून घेतो आणि ती धोकादायक कचऱ्यासाठी परवाना असलेल्या ठिकाणी पाठवतो. वर्षात कधीही 1000 किंवा जास्त विद्युत उपकरणं वापरात असलेल्या कॉलेज-कारखान्यांना भंगारवाल्याचा पर्याय नाहीच: नियमानुसार त्यांनी ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीदार किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो.