सोमवारचा फोन

"आत्या, तुमच्या तिकडं लोकं मेणबत्त्या घेऊन चालले अन् सरकार पडलं म्हणता. आमच्या इकडं इतके शेतकरी गेले, तरी काहीच काऊन उलटत नाही?"

भाच्याचा हा निरोप आला १९ मार्चच्या रात्री. १९८६ साली याच तारखेला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायकामुलांसह जीव दिला होता. त्या आठवणीत आपल्याकडे दरवर्षी अन्नत्याग होतो आणि भाचा तो पाळतो. तालुक्याला त्याचं कृषी केंद्र आहे. गावातल्या निम्म्या घरांची उधारी त्याच्या वहीत असल्यामुळे प्रश्न त्याला पुस्तकातून पडलेला नाही.

मी जर्मनीत, एकेकाळच्या पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगला राहते, इथल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. १९८९ साली ते लोक ज्या रिंगरोडवरून चालले, त्याच रिंगरोडवरून कामाला जाताना माझी ट्राम रोज जाते. त्यामुळे 'मेणबत्त्या घेऊन चालले अन् पडलं' हे वाक्य माझ्याच तोंडून कधीतरी गेलं असणार. ते अर्धवट आहे. उरलेलं आज लिहिते.

शाळेत आमचे गुरुजी सांगायचे की पोटात आग पेटली की राज्य जळतं. भाचाही तेच धरून बसलाय. तसं असतं तर आपल्या भागात एव्हाना कितीतरी राज्यं जळायला हवी होती. या विषयाच्या अभ्यासकांनी पन्नास वर्षांपूर्वीच त्यात दुरुस्ती केली होती: नुसती गरिबी माणसाला उठवत नाही, मिळेल असं वाटलेलं न मिळणं उठवतं. त्याचं उत्तम उदाहरण याच देशातलं आहे, पण ते फसलेल्या उठावाचं आहे.

जून १९५३. पूर्व जर्मनीच्या सरकारने अचानक नरमाईचं धोरण जाहीर केलं. दुकानदारांना, शेतकऱ्यांना, चर्चला सवलती दिल्या. कामगारांसाठी मात्र आधी ठरवलेली दहा टक्के कामवाढ तशीच ठेवली, म्हणजे त्याच पगारात जास्त काम. सगळ्यांना दिलं आणि ज्यांच्या नावाने राज्य चालवता त्यांनाच वगळलं! १६ जूनला बर्लिनमधल्या बांधकाम मजुरांनी अवजारं खाली ठेवली. सरकार घाबरलं, त्याच दिवशी कामवाढ मागे घेतली, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सुमारे सातशे गावाशहरांत लोक रस्त्यावर आले. एकूण आकडा दहा लाखांच्या आसपास सांगतात. दुपारी एक वाजता रशियन कमांडंटने बर्लिनमध्ये आणीबाणी लावली आणि रणगाडे आले. किमान पंचावन्न माणसं गेली. राज्य पुढे आणखी छत्तीस वर्षं टिकलं.

भाच्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंय की साडेतीन टक्के लोक उतरले की सरकार पडतंच. मी त्याला म्हटलं, तेव्हा या देशाची लोकसंख्या एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात होती. दहा लाख म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. पडलं का? त्याचं उत्तर आलं, "पण आत्या, एकाच दिवसात हाणलं ना त्यायले. टिकले असते तं?" हे मात्र त्याचं बरोबर आहे. टिकू का दिलं नाही, हाच खरा प्रश्न.

आता १९८९ची गोष्ट. निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेची प्रार्थना व्हायची, १९८२पासून. कम्युनिस्ट पक्षाच्या देशात पक्षाबाहेरची जागा म्हणजे चर्च, दुसरी नव्हतीच. कोणी मोर्चा 'आयोजित' करायची गरज नव्हती. वार ठरलेला, वेळ ठरलेली, दार ठरलेलं. सप्टेंबरात हंगेरीने ऑस्ट्रियाची सीमा उघडली आणि तरुण पोरं देश सोडून पळू लागली. मागे राहिलेले सोमवारी चर्चमधून बाहेर पडून चालू लागले. २५ सप्टेंबरला काही हजार, २ ऑक्टोबरला वीसेक हजार.

६ तारखेला इथल्या वर्तमानपत्रात कामगार-दलाच्या, म्हणजे पक्षाच्या सशस्त्र कामगार तुकड्यांच्या, एका कमांडरचं पत्र छापून आलं: हे थांबवू, गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन. जूनमध्ये पेकिंगला, म्हणजे बीजिंगला, आंदोलकांवर जो गोळीबार झाला त्याला पूर्व जर्मनीच्या संसदेने जाहीर पाठिंबा दिलेला होता, त्यामुळे पत्राचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

माझी लॅबमधली ज्येष्ठ सहकारी तेव्हा शिकाऊ होती. ९ तारखेच्या सोमवारी सकाळी रुग्णालयांना सूचना आल्या की खाटा मोकळ्या करा, रक्त तयार ठेवा. ती सांगते, "मी बाटल्यांवर गट लिहीत होते आणि माझा भाऊ चर्चमध्ये बसला होता. त्याचा गट मला पाठ होता."

शहरात सैनिक, पोलीस आणि कामगार-दल मिळून आठेक हजार माणसं तैनात होती. संध्याकाळी सत्तर हजार लोक निघाले. त्याच्या थोडं आधी शहराच्या भोंग्यांवरून एक आवाहन वाचलं गेलं: शांत राहा, संवाद करू. त्यावर सहा जणांची नावं होती. त्यांत वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझुर होते आणि पक्षाचेच तीन जिल्हा सचिवही होते. माझ्या सहकारीच्या मते सगळा खेळ या तिघांत आहे. खुर्चीच्या आतली माणसं वेगळं बोलू लागली होती.

पक्षाचा जिल्ह्याचा प्रभारी प्रमुख हाकेनबर्ग. त्याने बर्लिनला पक्षाच्या वरच्या फळीतल्या एगोन क्रेन्झला फोन लावला आणि काय करू विचारलं. उत्तर मिळालं, थांब, परत फोन करतो. फोन येईना. हाकेनबर्गने वाट पाहिली आणि मग पोलीस प्रमुखासोबत दलं मागे घेतली, हल्ला झाला तरच हात उचला असं सांगून. क्रेन्झचा फोन आला तोवर लोक रिंगला वळसा घालून मोकळे झाले होते. नऊ दिवसांनी देशाचा प्रमुख होनेकर पायउतार झाला, एका महिन्याने बर्लिनची भिंत गेली.

क्रांत्यांच्या अभ्यासक थीडा स्कॉचपोल यांनी फ्रान्स, रशिया, चीन या तीन क्रांत्यांवरून मांडलं होतं की क्रांतिकारक राज्य पाडत नाहीत, राज्य आधी आतून मोडतं: बाहेरच्या ताकदींचा दाब, रिकामी तिजोरी, वरच्या लोकांतली फूट. मोडलेल्या दारातून मग लोक आत येतात. १९५३ला हे दार मॉस्कोने बाहेरून धरून ठेवलं होतं. १९८९ला साडेतीन लाख रशियन सैनिक याच देशात होते, पण बराकीत बसून राहिले, कारण गोर्बाचेव्हला ते बाहेर काढायचे नव्हते. राग दोन्ही वेळी होता. फरक टेकूत होता. मला हेच सर्वांत पटतं.

पण फक्त एवढ्याने सत्तर हजारांचं कोडं सुटत नाही. मागच्या सोमवारी वीस हजार होते, मग गोळीबाराची धमकी आल्यावर लोक वाढले कसे? इथे तिमूर कुरान या अभ्यासकाचं म्हणणं उपयोगी पडतं. प्रत्येकाच्या मनात एक राग असतो आणि तोंडावर दुसरंच काही, आणि बाकी किती जण बाहेर पडले की आपण पडायचं, याचा प्रत्येकाचा आकडा वेगळा.

हे मी भाच्याला यार्डाच्या भाषेत सांगितलं. कापसाच्या लिलावात व्यापारी पडका भाव बोलतो. गाडी परत नेतो म्हणायची प्रत्येकाची इच्छा असते. पण गाडीचं भाडं लागलंय, घरी सोसायटीवाला येऊन बसलाय. एकटा परतला तर तोच बुडतो. दहा जण परतले तर अकरावा परततो, पन्नास परतले तर व्यापारी बोली वाढवतो. पहिला कोण, तो मात्र आदल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही, त्यालाही नाही. म्हणून या म्हणण्याने झालेली क्रांती छान समजते, होणारी कळत नाही. अभ्यासकांची ही जुनी अडचण आहे.

आणि लोकांचा आकडा कितीही फुगला तरी शेवटी बंदूक धरलेला माणूस राहतोच. पेकिंगला लाइपझिगच्या कितीतरी पट गर्दी होती. ३८व्या सैन्याचे सेनापती शू छिन-श्येन यांनी फौज न्यायला नकार दिला, त्यांना तुरुंगात टाकलं आणि दुसरीकडून फौजा आणल्या. त्यांनी गोळ्या झाडल्या.

आपल्याला हे नवीन नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी, चिमूर. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेला गाव उठला, सरकारी अधिकारी मारले गेले, काही दिवस इंग्रजांचं राज्य तिथे नव्हतंच. मग बाहेरून फौज आली आणि गावाचे, बायाबापड्यांचे जे हाल केले त्यासाठी गांधीजींचे आश्रमातले सहकारी प्राध्यापक भन्साळींना त्रेसष्ट दिवस उपोषण करावं लागलं. चिमूरकरांच्या जिगरीत काय कमी होतं? ती फौज हुकूम पाळणारी होती, इतकंच. साडेतीन वर्षांनी, फेब्रुवारी १९४६मध्ये, मुंबईत नौसैनिकच उलटले, तेव्हा हिशेब बदलला.

माझ्या शेजारचे गृहस्थ त्या सोमवारी वीस वर्षांचे होते, सक्तीच्या भरतीतले, हातात ढाल. मी फोनची गोष्ट सांगितली की ते चिडतात. "सगळे त्या फोनचंच बोलतात. माझ्या समोर माझ्या शाळेची बाई उभी होती. कामगार-दलातले अर्धे तर घरीच बसले होते, तब्येतीचं कारण सांगून." मग हुकूम आला असता तर? "माहीत नाही," एवढंच म्हणाले. लॅबमधली मैत्रीण म्हणते, आला असता तर झाडल्या असत्या, शाळेची बाई असो की आई. दोघांना एका टेबलावर बसवून मी एकदा कॉफी पाजली, पण निकाल लागला नाही.

आता भाच्याचा प्रश्न. आपल्याकडे राग कोणावर आहे? पाऊस, जागतिक बाजार, बियाणं, विमा, बँक, सावकार. लाइपझिगला प्रत्येक वाट एकाच दाराशी जात होती, कारण दुकानापासून घरापर्यंत सगळं सरकारचंच होतं. आपल्याकडे वाटा शंभर. आणि दर पाच वर्षांनी मतपेटी येते. जिथे सरकार मतांनी पाडता येतं तिथे राज्य उलथण्याइतका राग साचत नाही, यावर अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. शिवाय कर्जमाफी येते: २००८, २०१७, २०१९. ती पुरत नाही, पण प्रत्येकाला आपापल्या यादीतल्या नावाकडे बघायला लावते. मला विचारशील तर राज्य उलटावं असं मी मागणार नाही. मी भाव मागेन. पण अन्नत्याग वर्षातून एकदा आहे आणि सोमवार दर आठवड्याला येतो, हा फरक मला इथे राहून दिसला.

हे सगळं फोनवर चाललं होतं तेव्हा आई मागे वाती वळत होती. तिने फोन मागून घेतला. "मंग बाई, त्या लोकायले कापसाचा भाव भेटला का?"

आई, इथे कापूस पिकत नाही, असं म्हणणार होते. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना विचारलं. ते कुंपणाला टेकून उभे राहिले. त्यांची सूतगिरणी दोन वर्षांत बंद पडली, म्हणाले. यंत्रं भंगारात गेली. नंतर सात वर्षं पश्चिमेकडे ट्रक चालवला.

"कापूस कुठून यायचा तुमच्या गिरणीत?" मी विचारलं.

"गठाणींवर लिहिलेलं असायचं," ते म्हणाले. "कोण वाचतंय."