प्रीमियम वाढला म्हणून आरोग्य विम्याची पॉलिसी सोडायची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, लेख वाचला. स्पष्टच सांगतो, हा कंपनीच्या एजंटने लिहिल्यासारखा वाटतो. ईमेल आला, प्रीमियम वाढला, गपचूप भरा, हेच ना? तुम्हीच लिहिलंय की दुसरी कंपनी ३९,८०० मध्ये देत होती. म्हणजे वर्षाला १२ हजार आणि दहा वर्षांत सव्वा लाख तुम्ही फुकट घालवणार. पोर्ट करणं काही अवघड नसतं, लोकांना उगाच घाबरवू नका. शिवाय वाढ साडेचार टक्के लिहिलीत, त्यात जीएसटीचा हिशोब चुकलाय. विमा नियामक आयआरडीएआयने १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तेही नाही. सुपर टॉप-अपचा उल्लेखही नाही. अर्धवट माहिती देऊन लोकांची दिशाभूल करू नये.»

महोदय, प्रीमियम वाढूनही आम्ही जुनी पॉलिसी का सोडली नाही, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले होते. मग थांबले, कारण रागात लिहिलं असतं. आज लिहिते आहे, राग पूर्ण गेलेला नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. जीएसटीची चूक माझीच आहे. मागच्या मार्चमध्ये आम्ही ४९,५६० रुपये भरले, त्यात मूळ प्रीमियम ४२,००० आणि १८ टक्के जीएसटी ७,५६० होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. यंदाच्या ईमेलमध्ये ५१,८०० लिहिलेत, ते नुसता प्रीमियम आहेत. म्हणजे खिशातून जास्त जाणारे २,२४० रुपये असले तरी कंपनीने वाढवलेले ९,८०० आहेत आणि ते तेवीस टक्क्यांच्या वर जातात. मूळ लेखात आकडा दुरुस्त केला आहे. बाकी कोणी हे दाखवलं नव्हतं, त्याबद्दल आभार.

पण एजंट? मी एका सहकारी बँकेत बावीस वर्षं काउंटरवर बसले. तिथे विम्याचं टार्गेट येऊ लागलं तेव्हा म्हाताऱ्या ठेवीदारांच्या गळ्यात पॉलिसी मारायला नकार दिला आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. या ब्लॉगवर सहा वर्षांत एकही जाहिरात नाही, एकही लिंक नाही, ज्या कंपनीकडे आमची पॉलिसी आहे तिचं नावसुद्धा मी लिहिलेलं नाही. एखाद्या बाईने पैशाच्या व्यवहारावर स्वतःचं मत मांडलं की तिला कुणीतरी शिकवून पाठवलंय असं का वाटतं, हे मला खरंच कळत नाही. माझा हिशोब चुकला म्हणा, ऐकून घेईन. हेतूवर बोट ठेवायच्या आधी मात्र लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता, कारण «गपचूप भरा» असं त्यात कुठेही नाही.

आता पोर्ट करणं, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेणं, अवघड नसतं या तुमच्या वाक्याबद्दल. या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे, कारण असंच वाक्य आमच्या घरात २०२१ साली माझ्या मोठ्या भावाने ऐकलं होतं.

दादांना असाच ईमेल आला. नऊ वर्षांची पॉलिसी, एकदाही क्लेम नाही आणि प्रीमियम एकदम वाढलेला. माणूस संतापणारच. त्यांनी जुनी पॉलिसी भरली नाही, रिन्यूअलची तारीख जाऊ दिली आणि दीड महिन्याने दुसऱ्या कंपनीची स्वस्त पॉलिसी मोबाईलवरून घेतली. याला ते पोर्ट केलं असंच म्हणत राहिले. ते पोर्ट नव्हतं, ती कोरी नवी पॉलिसी होती. रक्तदाब आहे हे त्यांनी फॉर्ममध्ये प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी चार वर्षांचा वेटिंग पीरियड होता, तो पहिल्या दिवसापासून सुरू झाला. २०२३ मध्ये अँजिओप्लास्टी झाली. क्लेम नाकारला, कारण हृदयाचा त्रास रक्तदाबाशी जोडलेला आणि वेटिंग पीरियड संपलेला नाही. ३ लाख १० हजार रुपये ठेव मोडून भरले. जुन्या पॉलिसीत ती अट कधीच पूर्ण झाली होती. वहिनींनी मला फोनवर विचारलं होतं, «नऊ वर्षं भरले ते कुठे गेले गं?» तेव्हापासून मी या विषयावर लिहिते. मी घाबरवते असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे.

खरं पोर्ट वेगळं असतं. त्यात जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं नव्या कंपनीला मोजावी लागतात. वेटिंग पीरियड जेवढा काढला तेवढा कमी होतो आणि सलग ६० महिने झाल्यावर लपवाछपवीच्या नावाखाली क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, तो हक्कही सोबत येतो. पण त्यासाठी अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा आणि ६० दिवसांहून आधी द्यायचा नाही. आमची तारीख १८ मार्च. म्हणजे १७ जानेवारी ते १ फेब्रुवारी, हातात साधारण पंधरवडा. ईमेल ९ जानेवारीला आला म्हणून आम्हाला तो मिळाला. कितीतरी लोकांना रिन्यूअलची आठवण महिनाभर आधी येते, तेव्हा ही खिडकी बंद झालेली असते. त्यानंतर अर्ज घ्यायचा की नाही हे नव्या कंपनीच्या मर्जीवर.

आणि वेळेत अर्ज दिला म्हणजे काम झालं असंही नाही. जुनी कंपनी तुम्ही क्लेम केला म्हणून किंवा मधल्या काळात तुम्हाला मधुमेह झाला म्हणून एकट्या तुमचा प्रीमियम वाढवू शकत नाही. ती वाढवते ते त्या प्रॉडक्टच्या सगळ्यांसाठी, वयोगटाप्रमाणे. क्लेम केले म्हणून ती रिन्यूअलही नाकारू शकत नाही. नवी कंपनी मात्र तुम्हाला आजच्या तब्येतीवर तोलते. ती लोडिंग, म्हणजे तब्येतीपायी जादा प्रीमियम, लावू शकते, सरळ नाहीही म्हणू शकते. बारा वर्षांपूर्वी धडधाकट असताना आपण ज्या दारातून आत आलो, त्याच दारात पुन्हा उभं राहायचं असतं.

तुम्ही ३९,८०० चा आकडा उचललात. पुढचं मी लेखात दोन ओळींत उरकलं होतं, म्हणून इथे नीट सांगते. १९ जानेवारीला अर्ज दिला. कंपनीने दोघांच्या तपासण्या केल्या. यांची तीन महिन्यांची साखर ७.६ आली आणि २५ टक्के लोडिंग लागलं. ३९,८०० चे ४९,७५० झाले. म्हणजे फरक १२ हजारांचा नाही, २,०५० रुपयांचा. तोही फक्त १० लाखांच्या विम्यावर. आमच्या जुन्या पॉलिसीत नो क्लेम बोनस धरून विमा १५ लाखांचा आहे. बोनसचं सातत्य पोर्टमध्ये मागता येतं, पण त्यासाठी नवीकडे १५ लाखांचा विमा घ्यायचा आणि त्याचा प्रीमियम भरायचा. १५ लाखांचा आकडा मागवला तेव्हा तो आमच्या वाढलेल्या प्रीमियमच्याही वर गेला.

शिवाय त्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती, दिवसाला विम्याच्या एक टक्का. १० लाखांवर १० हजार, ऐकायला पुष्कळ वाटतात. पण मोठ्या शहरातल्या रुग्णालयात १६ हजारांची खोली घ्यावी लागली तर नुसते भाड्याचे सहा हजार खिशातून जात नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, सोळातले दहाच मिळतात. औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू त्यातून सुटतात, पण बाकी बिलाचा मोठा हिस्सा आपल्या अंगावर येतो. आमच्या जुन्या पॉलिसीत ही मर्यादा नाही. तुमच्या सव्वा लाखाच्या हिशोबात हे कुठे धरलंय?

अजून एक गोष्ट, जी मूळ लेखात होती आणि तुमच्या नजरेतून सुटली. वाढलेल्या ९,८०० पैकी सगळे दरवाढीचे नव्हते. यांना ५६ पूर्ण झाले. फ्लोटरमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या एकाच पॉलिसीत, प्रीमियम मोठ्या वयाच्या सदस्यावर ठरतो आणि त्या पॉलिसीत ५६ पासून पुढचा वयोगट सुरू होतो. मी कंपनीला लिहून गेल्या वर्षीचा आणि यंदाचा दरतक्ता मागितला. गेल्या वर्षीच्या तक्त्यात ५६ वयाला ४७,५०० होते. म्हणजे ५,५०० वयामुळे आणि ४,३०० खऱ्या दरवाढीमुळे, साधारण नऊ टक्के. ही वयाची वाढ कुठेही गेलो तरी भरावीच लागते, दुसरीकडचा दरही वयावरच असतो. सोडायचं की राहायचं हे मी त्या ४,३०० कडे बघून ठरवलं. तुम्ही दोन्ही आकडे एकत्र धरून माझ्यावर तुटून पडलात.

१० टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२५ ची आहे आणि ती ६० वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी आहे. तीसुद्धा बंदी नाही, त्याहून जास्त वाढवायचं तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करायची. आम्ही दोघं त्यात अजून बसत नाही, म्हणून लिहिलं नाही. दिशाभूल हा शब्द वापरायच्या आधी एवढं तपासायला दोन मिनिटं लागली असती.

सुपर टॉप-अप हा स्वतंत्र विषय आहे. ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी ती नवी पॉलिसी असते, तिचा वेटिंग पीरियड वेगळा, त्यावर सवडीने लिहीन.

सोडूच नये असं माझं म्हणणं नाही, आजही नाही. माझी मावसबहीण ३८ वर्षांची, कसलाच आजार नाही, पॉलिसीला जेमतेम दोन वर्षं झालेली. तिला असाच ईमेल आला तेव्हा मीच तिच्याकडून पोर्टचा अर्ज भरून घेतला. तपासणीत काही निघालं नाही, लोडिंग लागलं नाही, वर्षाला सात हजार वाचले. तरी नव्या कंपनीचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत जुनीचं रिन्यूअल रद्द समजू नकोस, असं मी तिला तीनदा बजावलं होतं. तारीख उलटून गेली तर ३० दिवसांची सवलत असते, त्यात पैसे भरले तर सातत्य टिकतं. पण त्या मधल्या दिवसांत आजारपण आलं तर त्याचा क्लेम मिळत नाही.

तुमची रिन्यूअलची तारीख, पॉलिसी किती वर्षांची आणि घरात रक्तदाब किंवा साखर कुणाला आहे का, एवढं लिहा. कंपनीचं नाव नको. ४५ दिवसांहून जास्त दिवस हातात असतील तर अर्जाचं मी तुमच्याबरोबर बसून बघेन. मला एजंट म्हणालात तरीसुद्धा.