परदेशातून : मोजायचं कशात, जिल्ह्यात की गावात?

“तुमच्या स्वित्झर्लंडमध्ये गावाला विचारून सीमा हलवतात, मग बेळगावात का नाही विचारत?” दादरच्या मावसभावाचा हा प्रश्न.

मी बर्नमध्ये राहतो. इथलं मुतिए हे गाव 1 जानेवारी 2026 रोजी बर्न प्रांत सोडून जुरा प्रांतात गेलं. 2017चा कौल गैरप्रकारांमुळे रद्द झाला, म्हणून 2021 मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. शेजारच्या बेलप्राँने मात्र नको म्हटलं आणि ते बर्नमध्येच राहिलं. पण भावाला वाटतं तसा हा भाषेचा तंटा नव्हता. मुतिएत फ्रेंच बोलतात आणि बर्नमध्ये राहिलेल्या दक्षिण जुरातही फ्रेंचच. तिथे जुना धर्मभेद आणि इतिहास आडवा आला.

आपल्याकडे राज्य पुनर्रचनेच्या फजल अली आयोगाने 1955च्या अहवालात सीमा ठरवायला घटक म्हणून शक्यतो जिल्हाच धरला. म्हणून 1956 मध्ये बेळगाव जिल्हा जवळजवळ सगळा म्हैसूरला गेला. फक्त चंदगड तालुका त्यातून काढून कोल्हापूरला जोडला. म्हणजे जिल्हा मोडता येत होता. तो एकदाच का मोडला, हाच तर महाराष्ट्राचा सवाल. पुढे सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने गाव हा घटक धरा म्हटलं, आणि 1967चा अहवाल मनासारखा आला नाही म्हणून तो नाकारला.

मुंबईकर विसरतात ते उंबरगाव. 1 मे 1960ला ठाणे जिल्ह्यातला हा तालुका गावागावाने कापला गेला. कायद्याच्या परिशिष्टात नावं दिलेली गावं गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली, उरलेली डहाणू तालुक्याला जोडली. आजची तलासरी त्याच भागातली. तेव्हा गाव मोजायला कुणाची हरकत नव्हती!

हे ग्रुपवर लिहिलं तर बोरिवलीची काकू म्हणाली, “ते राहू दे रे, माझ्या माहेरच्या वाडीचे जुने उतारे ठाण्यात मिळतील की वलसाडला?” मला सांगता आलं नाही. सुरतेतून पुढे वलसाड वेगळा झाला, ठाण्यातून 2014 मध्ये पालघर, त्यामुळे उंबरगावचा आणि तलासरीचा असे दोन्ही तुकडे आपापल्या राज्यात पुन्हा हलले.

मला विचाराल तर गाव हा घटक जास्त न्याय्य. पण उंबरगावच्या सीमेवरच्या वारली पाड्यांचं काय? त्यांची बोली मराठीत धरायची की गुजरातीत, हे ठरवणारे तिसरेच. मुतिएसारखं मत विचारलं असतं तर निदान त्यांनी सांगितलं असतं. अर्थात ती सोय आपल्या राज्यघटनेत नाही. कलम 3 प्रमाणे सीमा संसद बदलते, राष्ट्रपती राज्याच्या विधिमंडळाचं फक्त मत मागवतात, आणि ते मान्य करायचं बंधन संसदेवर नाही. महाराष्ट्र 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तरी मुतिएसारखी मतपेटी तिथून बेळगावात येईल असं मला वाटत नाही. भाऊ म्हणतो, येईल. त्याच्याशी वाद चालूच आहे.