ओके, पूर्णविराम

आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ही बातमी माझ्या मैत्रिणीपर्यंत अजून पोचलेली नसावी, कारण शब्दागणिक पैसे पडतात अशा बेतानंच ती व्हॉट्सॲपवर लिहिते. आईच्या मोतीबिंदूची तारीख ठरली तेव्हा मी तिला सगळं सविस्तर कळवलं. डोळा उजवा, साखर जरा वाढलेली, मला रजा मिळायची मारामार, आणि आईचं 'आता या वयात कशाला उगीच' हे पालुपद. लिहिता लिहिता चहा गार झाला. उत्तर आलं, 'बरं'.

तिचा शब्दसाठा एवढाच: हो, बरं, ओके आणि हं. पैकी 'हो'ला मी घाबरत नाही. 'बरं' म्हणजे वाचलं असावं. 'हं' म्हणजे मात्र काहीही असू शकतं. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपनं मेसेजलाच अंगठा चिकटवायची सोय काढली आणि तिचे तेवढेही शब्द वाचले. मी नवीन साडीचा फोटो टाकला तरी अंगठा आणि शेजारचे काका गेल्याचं कळवलं तरी अंगठाच. काकांच्या वेळी मी तो फोन घाईनं पालथा ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी मी लिहिलं, 'झालं. आई ठीक आहे.' उत्तर आलं, 'ओके.'

नुसतं ओके असतं तर चाललं असतं. या ओकेपुढे पूर्णविराम होता. आता मेसेजमधल्या पूर्णविरामावर अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात संशोधन झालंय, हे माझ्या दुर्दैवानं मी कुठेतरी वाचलेलं. २०१५ साली त्यांनी विद्यार्थ्यांना एकेका शब्दाची उत्तरं दाखवली. पूर्णविराम असलेली उत्तरं त्यांना कमी मनापासूनची वाटली. तेच उत्तर कागदावर हातानं लिहिलेलं असलं तर मात्र टिंबानं काही फरक पडला नाही. झालं! संध्याकाळभर मी ते टिंब मोठं करून बघत होते. रजेचं रडगाणं जास्त झालं का? तिच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी राहिली का? नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "टिंब आहे," आणि पुन्हा मॅच बघू लागला.

शनिवारी ती न कळवता दारात. चपला काढता काढताच, "काकू, उजवा ना? झोपताना त्या कुशीवर वळू नका हं." मग माझ्याकडे वळून, "साखर आता किती आहे? आणि रजा मिळाली का शेवटी?" म्हणजे त्या 'बरं'मध्ये माझा अख्खा मेसेज शिरला होता!

थेंबांच्या बाटल्या बघून तिनं कॅलेंडरचं जुनं पान मागितलं आणि पाठकोऱ्या बाजूला तक्ता आखला. आडव्या ओळीत वेळा, उभ्या रांगेत बाटल्या. झाकणांचे रंग तिनं मुलाच्या खडूंनी रंगवले (खडू पर्समध्ये का होते हे मी विचारलं नाही). "एक थेंब घातला की पाच मिनिटं थांबायचं, मगच दुसरा. लगेच घातला तर पहिला धुऊन जातो," हे तिनं आईकडून म्हणून घेतलं. खालची पापणी ओढून थेंब कसा सोडायचा तेही करून दाखवलं. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, हे तर दोनदा सांगितलं. मधल्या पाच-पाच मिनिटांत आईच्या माहेरच्या विहिरीपासून वरणातल्या हिंगापर्यंत सगळे विषय झाले. हिचं बोलणं काही संपेना, आणि आईच्या प्रत्येक वाक्याला हिचा एक प्रश्न तयार.

तेवढ्यात तिच्या फोनवर घरून विचारणा आली, 'जेवायला येतेस?' मी शेजारीच होते, सगळं दिसलं. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब, उजव्या हाताची तर्जनी वर. ओ शोधला, के शोधला. मग कुलूप लावल्यावर ओढून बघावं तसं स्पेसवर दोनदा बोट हाणलं. दोनदा स्पेस दिली की तिचा फोन आपण होऊन पूर्णविराम टाकतो. घरी गेलं, 'ओके.'

"अगं, त्यांनी येतेस का विचारलंय!"

"मग? येते म्हटलं की."

संशोधनाचं मी तिला काही सांगितलं नाही. पाठवलं असतं तर तिनं अंगठा दिला असता.

ती गेल्यावर मी कोचावर टेकून दिवसभराचे तुंबलेले मेसेज घेतले. मावशीला आईची खुशाली पाच ओळींत कळवली, ऑफिसच्या ग्रुपवर एकीच्या वाढदिवसाला चार ओळी लिहिल्या, वर फुलं. आई तक्ता डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "किती बोलकी गं ही पोरगी. निळ्या झाकणाची आठची ना?"

"हं," मी म्हणाले.

"आणि तू सकाळपासून माझ्याशी एवढंच बोललीयेस."